लघवी साडेतीन लिटर, हिशोब म्हणतो किडनी पाणी वाचवतेय, तरी सोडियम चढतंय. फ्री वॉटर क्लिअरन्स नीट समजावून सांगा कोणीतरी

रात्रपाळी_माजिवडा · शनिवार, सकाळी ८:५०

नाइट संपवून आत्ता घरी आले, झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, ठाण्यातच, हॉस्पिटलचं नाव नको. पेशंटची ओळख लागेल असं काही लिहीत नाही, आकडे मात्र खरे आहेत.

६८ वर्षांचे काका, स्ट्रोक होऊन बारा दिवस झाले, मधे किडनी बसली होती ती आता सावरतेय, क्रिएटिनिन खाली येतंय. तोंडाने काही नाही, सगळं रायल्स ट्यूबने, आणि पाठीला जखम झालीय म्हणून प्रोटीन पावडरचं जड फीड चालू आहे. सोमवारी सोडियम १४२, बुधवारी १४५ आणि काल शुक्रवारी १५०. लघवी वाढतच चाललीय. काल रात्री बारा ते सहा मी स्वतः युरोबॅग दोनदा जगमध्ये ओतून मोजली, ९०० मिली भरली. चोवीस तासांची ३६०० च्या आसपास.

आता घोळ असा की राउंडला दोन डॉक्टरांचं जमलं नाही. एक म्हणाले एवढी लघवी आणि सोडियम वर म्हणजे डायबेटिस इन्सिपिडस, डीआय, किडनीला पाणी धरून ठेवता येत नाहीये, डेस्मोप्रेसिन द्या. दुसऱ्यांनी हिशोब मांडला, युरिन ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या मालाचा दाटपणा, ४८०, रक्ताची ३२०, फ्री वॉटर क्लिअरन्स मायनसमध्ये आला, म्हणाले किडनी पाणी राखतेय, ट्यूबने जादा पाणी द्यायची काही गरज नाही. आणि माझा चार्ट बघितला तर इनटेक ३६००, आउटपुट ३६००, अगदी जुळलेला. फीड १५००, ट्यूब फ्लश ६००, नॉर्मल सलाइन १५००.

दोघांचं ऐकून मला कळेना. किडनी पाणी वाचवत असेल आणि चार्टही जुळत असेल तर मग सोडियम कशाने चढतंय? काकांची जीभ कोरडी पडलीय, सकाळी माउथ केअर करताना बोळा जिभेला चिकटत होता. आकड्यांनी काही म्हणो, हा माणूस मला तहानलेला दिसतोय.

---

कोपरी_एमबीबीएस२ · शनिवार, सकाळी ९:२०

ताई मी सेकंड इयरला आहे, फिजिओलॉजी नुकतीच झालीय. फ्री वॉटर क्लिअरन्स पॉझिटिव्ह म्हणजे किडनी पाणी बाहेर टाकतेय, निगेटिव्ह म्हणजे पाणी आत ठेवतेय. साडेतीन लिटर लघवी म्हणजे पाणी बाहेरच चाललंय ना, मग तो पॉझिटिव्हच यायला हवा. मला वाटतं त्यांच्या हिशोबात चूक झालीय, व्ही, म्हणजे लघवीचा वेग, मिलिलिटर पर मिनिटमध्ये घ्यायचा असतो तो लिटर पर डेमध्ये घेतला असेल.

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · शनिवार, सकाळी १०:०५

कोपरी, पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा अर्थ तू बरोबर सांगितलास, पण त्यापुढची उडी चुकली. जास्त लघवी म्हणजे पातळ लघवी नव्हे. पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं आणि दर वर्षी वायव्हात मुलं इथेच अडायची. एककाचंही म्हणशील तर व्ही कुठल्याही एककात घे, उत्तर त्याच एककात येतं, चिन्ह बदलत नाही.

सिस्टरच्या आकड्यांनीच करून बघू. ३६० मिनिटांत ९०० मिली, म्हणजे मिनिटाला २.५ मिली.

```
Cosm = Uosm × V / Posm
CH2O = V − Cosm
```

४८० गुणिले २.५ भागिले ३२०, आले ३.७५. हा ऑस्मोलर क्लिअरन्स. २.५ मधून ३.७५ वजा केले की उणे १.२५. हिशोब मांडणाऱ्या डॉक्टरांचं गणित बरोबर आहे.

आता या ३.७५ चा अर्थ नीट धरा. समजा रक्त म्हणजे एका ठरावीक दाटपणाचं कोकम सरबत आहे. मिनिटभरात लघवीत जेवढं काही विरघळलेलं बाहेर गेलं, ते सगळं घेऊन तुम्हाला रक्ताइतक्याच दाटपणाचं सरबत करायचंय. त्याला ३.७५ मिली पाणी लागलं असतं. किडनीने ते सगळं २.५ मिलीतच बसवून बाहेर काढलं आणि उरलेलं सव्वा मिली पाणी परत अंगात घेतलं. म्हणून उणे. याला घट्ट लघवी म्हणायचं, मग ती दिवसाला साडेतीन लिटर का असेना.

उलट पिट्यूटरीच्या ऑपरेशननंतरचा डीआयचा पेशंट घ्या. मिनिटाला ५ मिली, म्हणजे दिवसाला ७.२ लिटर लघवी, ऑस्मोलॅलिटी १००, रक्ताची ३००. ऑस्मोलर क्लिअरन्स १.६७ आणि फ्री वॉटर अधिक ३.३३. तिथे सरबत करून झाल्यावर सव्वातीन मिली नुसतं पाणी उरतं आणि ते वाया जातं. युरोबॅगमध्ये ते नळाच्या पाण्यासारखं दिसतं. सिस्टर, तुमच्या बॅगेत रंग कसा होता?

---

रात्रपाळी_माजिवडा · शनिवार, सकाळी १०:२०

पिवळा सर. फिकट, पण पिवळाच. पाण्यासारखा अजिबात नाही. डीआयचे पेशंट मी सांभाळलेत, तो रंग बघितलाय, हा तसा नव्हता.

---

कोपरी_एमबीबीएस२ · शनिवार, सकाळी १०:४०

ओके सर, चूक कळली. पण मग एक शंका. ऑस्मोलॅलिटी रक्तापेक्षा जास्त की कमी एवढं बघितलं तरी चिन्ह कळतंच, ४८० हे ३२० पेक्षा जास्त म्हणजे घट्ट, १०० हे ३०० पेक्षा कमी म्हणजे पातळ. मग हा क्लिअरन्सचा एवढा खटाटोप कशाला?

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · शनिवार, सकाळी ११:१५

चिन्हासाठी नाही, मापासाठी. दोन पेशंटची लघवी सारखीच १५० ऑस्मोलॅलिटीची असू शकते, एकाची मिनिटाला १ मिली आणि दुसऱ्याची १० मिली. रक्त दोघांचं ३०० धर. पहिल्याचं मिनिटाला अर्धा मिली पाणी जातं, दुसऱ्याचं ५ मिली, म्हणजे दिवसाला सात लिटरच्या वर. दाटपणा एकच, पण दुसरा माणूस संध्याकाळपर्यंत संकटात असेल.

दुसरं असं की दोन तुकडे वेगळे केले की लघवी का वाढली ते कळतं. त्या डीआयवाल्याचे दिवसाचे एकूण मिलिऑस्मोल काढ, १०० गुणिले ७.२, म्हणजे ७२०. हे रोजच्या माणसाइतकेच आहेत, त्याच्याकडे जादा आहे ते फक्त पाणी. आता सिस्टरच्या काकांचे काढ, ४८० गुणिले ३.६, म्हणजे १७२८. दुपटीहून जास्त. इथे लघवी पाण्याने वाढलेली नाही, विरघळलेल्या मालाने वाढलीय आणि तो माल पाणी ओढून नेतोय. डीआय म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हा एक गुणाकार केला असता तर ते थांबले असते.

पण सिस्टर, तुमचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो खरा प्रश्न आहे. पाणी वाचतंय तर सोडियम का चढतंय. जेवून येतो आणि लिहितो, घाईत लिहिण्यासारखं नाही.

---

ऐरोली_सेक्टर८ · शनिवार, दुपारी १२:३०

नमस्कार, हा टेस्ट नवी मुंबईत कुठे होतो आणि किती घेतात? माझ्या बाबांना पण सोडियमचाच त्रास आहे, १२६ आहे, फुप्फुसाच्या इन्फेक्शननंतर झालं. डॉक्टरांनी पाणी दिवसाला एक लिटरवर आणलंय, चार दिवस झाले, बाबा बिचारे उन्हाळ्यात ओठ ओले करून बसतात पण रिपोर्ट तसाच. इथे प्रोटीनच्या फीडचं लिहिलंय, त्यांचं पण प्रोटीन बंद करू का?

---

वाशी_लॅबवाला · शनिवार, दुपारी १:१०

ऐरोली, थांबा, प्रोटीनबिटीन काही बंद करू नका, तुमची केस उलट्या दिशेची आहे, त्यांचं सोडियम वर चाललंय, तुमच्या बाबांचं खाली आहे. आणि फ्री वॉटर क्लिअरन्स नावाची टेस्ट कुठल्याच लॅबच्या यादीत नसते, तो रिपोर्टवरून करायचा हिशोब आहे. लागणारे रिपोर्ट म्हणजे रक्ताचं सोडियम, लघवीचं सोडियम आणि पोटॅशियम, दोन्हींची ऑस्मोलॅलिटी. त्यातलं काय लागेल ते डॉक्टर लिहून देतील.

सिस्टर, तुम्हाला लॅबच्या बाजूने तीन गोष्टी विचारतो कारण आमच्याकडे बाहेरून सॅम्पल येतात आणि याच तीन जागी गडबड होते. एक, युरिन सॅम्पल बॅगेतून काढलं की कॅथेटरच्या पोर्टमधून ताजं घेतलं? बॅगेत तासन्‌तास पडलेल्या लघवीत जंतू युरिया फोडत बसतात, तो आकडा पेशंटचा राहत नाही. दोन, रक्ताची ३२० ही मशीनवर मोजलेली की फॉर्म्युल्याने काढलेली? ऑस्मोमीटर सगळीकडे नसतो, बरेच जण हिशोबानेच काढून लिहितात. तीन, हिशोबाने काढली असेल तर युरिया कितीने भागला? आपल्याकडे रिपोर्टवर ब्लड युरिया येतो, पुस्तकांतल्या फॉर्म्युल्यात बीयूएन असतं, म्हणजे युरियातलं नुसतं नायट्रोजन. बीयूएनला २.८ ने भागायचं, युरियाला ६ ने. हे रोज चुकतं.

---

रात्रपाळी_माजिवडा · शनिवार, दुपारी १:३५

सॅम्पल मीच घेतलं, पोर्टमधून, सहा वाजता, त्याच सहा तासांच्या मापाच्या शेवटी. ३२० मशीनवरची आहे, आमच्याकडे नाही होत, बाहेर पाठवली होती. सोडियम १५०, शुगर १०८, युरिया ८६. युरिया मागच्या आठवड्यात १९० होता.

---

वाशी_लॅबवाला · शनिवार, दुपारी १:५०

मग छान. १५० दुप्पट ३००, शुगर १८ ने भागून ६, युरिया ६ ने भागून १४ आणि वर थोडं. बेरीज ३२०. मोजलेली आणि काढलेली जुळली. हाच युरिया कोणी २.८ ने भागला असता तर ३३७ आली असती, आणि मोजलेली ही काढलेलीपेक्षा सतराने कमी, असं निरोगी हिशोबात होत नाही, तिथेच ओळखायचं की भागाकार चुकलाय.

---

खारघर_मेडिसिन_जेआर · शनिवार, दुपारी २:३०

वाचतोय. स्ट्रोकला मॅनिटॉल दिलं होतं का? ते पण लघवीतून पाणी ओढतं. आणि लॅसिक्स चालू आहे का? लॅसिक्सवर असेल तर घट्ट-पातळ दोन्ही हिशोब बिघडतात, कारण हेन्लेच्या लूपची जी जाड चढती बाजू मीठ ओढून लघवी पातळ करते तीच किडनीच्या आतल्या भागात, मज्जेत, खारटपणा पण साठवते, ती बंद पडली की किडनीला ना धड पातळ करता येत ना घट्ट.

---

रात्रपाळी_माजिवडा · शनिवार, दुपारी २:४०

मॅनिटॉल पहिले चार दिवस, मग बंद, आता आठ दिवस झाले. लॅसिक्स नाही. युरिन शुगर निल.

---

खारघर_मेडिसिन_जेआर · शनिवार, दुपारी २:४५

ओके. मोजलेली आणि काढलेली ऑस्मोलॅलिटी जुळतेय म्हणजे रक्तात मॅनिटॉल उरलेलं नाही. शुगर पण नाही. मग युरियाच.

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · शनिवार, दुपारी ४:००

युरियाच, म्हणजे प्रोटीन मोडून जो माल तयार होतो तो. आणि इथेच या जुन्या हिशोबाची मर्यादा आहे.

ऑस्मोलर क्लिअरन्स सगळे कण सारखे मोजतो. मीठ असो, युरिया असो, त्याला फरक नाही. लघवी पातळ बनतेय की घट्ट एवढंच विचारायचं असेल तर हे बरोबर आहे, कारण नळीच्या आत युरियाही पाणी धरून ठेवतोच. पण तुमचा प्रश्न लघवीबद्दल नाहीये, रक्तातल्या सोडियमबद्दल आहे. आणि युरिया पेशीच्या भिंतीतून सहज आरपार जातो, तो आत-बाहेर सारखाच पसरतो, पाण्याला एका बाजूला ओढून ठेवत नाही. त्यामुळे रक्तातलं सोडियम किती हे ठरवण्यात त्याचा वाटा नाही.

ते कशावर ठरतं हे १९५८ मध्ये एडेलमन आणि मंडळींनी माणसांवर मोजून दाखवलं, शरीरातलं देवाणघेवाण होणारं सोडियम आणि पोटॅशियम, भागिले शरीरातलं एकूण पाणी. पोटॅशियम का, तर ते पेशीच्या आत तेच काम करतं जे सोडियम बाहेर करतं. म्हणून लघवीतूनही हे दोनच मोजायचे.

```
CeH2O = V × (1 − (UNa + UK) / PNa)
```

सिस्टर, लघवीचं सोडियम पोटॅशियम केलंय का?

---

रात्रपाळी_माजिवडा · शनिवार, दुपारी ४:१०

झोपूनच उठले आत्ता. हो, त्याच सॅम्पलचं आहे, सोडियम ४०, पोटॅशियम ३५. आणि दुपारच्या सिस्टरला फोन करून सांगितलं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारून युरिन युरिया पण पाठवला, उद्या येईल.

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · शनिवार, दुपारी ४:३०

मग बघा. ४० अधिक ३५, ७५. रक्तातलं सोडियम १५०. ७५ भागिले १५०, बरोबर अर्धं. एक वजा अर्धा, अर्धा. २.५ मिलीच्या निम्मे, अधिक १.२५.

पहिल्या हिशोबात उणे १.२५ होतं, दुसऱ्यात अधिक १.२५. आकडा तोच आला हा या केसमधला योगायोग, पण चिन्ह उलटलं हा योगायोग नाही. या काकांची किडनी लघवी घट्ट करतेय हे खरं, आणि शरीर दिवसाला १.८ लिटर मीठ नसलेलं पाणी गमावतंय हेही तितकंच खरं. लघवीच्या प्रत्येक लिटरमध्ये अर्धा लिटर रक्ताइतका खारट आहे आणि उरलेला अर्धा युरियाला धरून बाहेर पडलेलं पाणी.

तुमचा चार्ट जुळला कारण चार्ट मिली मोजतो, मीठ मोजत नाही. आत गेलेल्यातलं दीड लिटर नॉर्मल सलाइन आहे, त्यात लिटरला १५४ सोडियम, म्हणजे काकांच्या रक्तापेक्षा किंचित जास्तच. त्यात सोडियम उतरवणारं पाणी शून्य. बाहेर जाणारं निम्मं नुसतं पाणी आणि आत येणारं खारं, वर श्वासातून घामातून जातं ते चार्टवर लिहिलंच जात नाही. जीभ कोरडी पडणारच.

---

कोपरी_एमबीबीएस२ · शनिवार, संध्याकाळी ५:१५

सर हे आम्हाला असं शिकवलंच नाही, वायव्हात फक्त पहिला फॉर्म्युला विचारतात. म्हणजे पहिला हिशोब चुकीचा आहे का मग?

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · शनिवार, संध्याकाळी ५:३०

नाही रे. पहिला किडनीला प्रश्न विचारतो, तू पातळ करतेयस की घट्ट. दुसरा पेशंटला विचारतो, तुझं सोडियम या लघवीमुळे कुठे जाणार. डीआयच्या पेशंटमध्ये दोन्ही अधिकच येतात म्हणून फरक जाणवत नाही. युरियाचा पूर आला की दोन वाटा फुटतात. डॉक्टरांची चूक गणितात नव्हती, पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला दिलं.

ऐरोली, तुमच्या बाबांनाही हाच दुसरा हिशोब लागू पडतो. लघवीचे रिपोर्ट झालेत का?

---

ऐरोली_सेक्टर८ · शनिवार, संध्याकाळी ६:५०

हो सर फाइलमध्ये आहे, मला अर्थ कळत नव्हता म्हणून लिहिलं नाही. युरिन सोडियम ८८, पोटॅशियम ४६.

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · शनिवार, संध्याकाळी ७:२०

बेरीज १३४, रक्तातलं १२६. लघवी रक्तापेक्षा खारट आहे. म्हणजे किडनी नुसतं पाणी बाहेर सोडतच नाहीये, उलट थोडं आत घेतेय. अशा वेळी पाणी एक लिटरवर आणून सोडियम हलत नाही हे अपेक्षितच आहे, बाबांनी पथ्य पाळलं नाही असं नाही, त्यांना बोलू नका. पाणी आणखी कमी करणं किंवा मीठ वाढवणं हे मात्र घरच्या घरी अजिबात नको. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून सोमवारी डॉक्टरांना दाखवा आणि विचारा की पाणी कमी करण्यासोबत आणखी काही लागेल का. त्याआधी सुस्ती, उलट्या, असंबद्ध बोलणं किंवा झटका असं काही दिसलं तर सोमवारची वाट न बघता लगेच कॅज्युअल्टीत न्या.

---

ऐरोली_सेक्टर८ · शनिवार, संध्याकाळी ७:३०

आईला मी कालच ओरडलो होतो की तू चोरून पाणी देतेस. आत्ता जाऊन तिची माफी मागतो. धन्यवाद सर.

---

आहारतज्ज्ञ_नेरूळ · रविवार, सकाळी ११:००

सगळा धागा वाचला. मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे की आता सगळे मिळून प्रोटीन कापायला निघतील, आणि आयसीयूत नेहमी हेच होतं. पाठीला जखम आहे, बारा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, स्नायू रोज झिजतायत. तो युरिया सगळा पावडरचा नाही, त्यातला काही त्यांच्या स्वतःच्या स्नायूंचा आहे आणि काही किडनी बसलेली असताना साठलेला आता बाहेर पडतोय, १९० चा ८६ झालाय तो उगाच नाही. प्रोटीन तोडलं तर जखम भरणार नाही. फीड तेवढंच ठेवून पाणी वाढवा ना. जड फीडसोबत पाणी मोजून द्यायलाच हवं, ६०० मिली फ्लश म्हणजे फक्त ट्यूब चोंदू नये म्हणून दिलेलं पाणी आहे, पेशंटसाठी दिलेलं नाही.

---

रात्रपाळी_माजिवडा · रविवार, रात्री ११:४५

मॅडम तुमचं शेवटचं वाक्य मी आज जसंच्या तसं राउंडला बोलले.

युरिन युरिया आला, लिटरला ३१५ मिलिमोल. म्हणजे ४८० मधले ३१५ तेच, बाकी मीठ आणि त्याची जोडी. मी कागदावर दोन्ही हिशोब एकाखाली एक लिहून नेले होते. मोठे सर बघत राहिले, मग म्हणाले लघवीचं पोटॅशियम पाठवायला सांगितलं कोणी. मी म्हटलं तुमच्याच ऑर्डरमध्ये होतं सर, बघितलं नव्हतं कोणी.

काल संध्याकाळपासूनच सलाइन बंद केलंय. ट्यूबने दर चार तासांना २५० मिली साधं पाणी, म्हणजे दिवसाला दीड लिटर. प्रोटीन थोडं उतरवलंय, अर्धं नाही, डाएटिशियनशी बोलूनच. सोडियम आज १४७. दिवसाला १० पेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही म्हणून बारा तासांनी परत करायला सांगितलंय. डेस्मोप्रेसिन दिलं नाही.

---

खारघर_मेडिसिन_जेआर · सोमवार, पहाटे १:२०

छान झालं. पण मी एक मुद्दा सोडत नाहीये. सोडियम १५० असताना एडीएच, म्हणजे किडनीला पाणी राखायला लावणारं हार्मोन, पूर्ण जोरात असायला हवं, आणि निरोगी किडनी तेव्हा ८०० च्या वर जाते. हे ४८० लाच थांबलेत. स्ट्रोक झालेला मेंदू आहे. अर्धवट डीआय खाली लपलेला नाही हे या दोन्ही क्लिअरन्सवरून सिद्ध होत नाही. चिन्ह उणे आलं म्हणजे घट्ट करण्याची ताकद पूर्ण आहे असं नाही.

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · सोमवार, सकाळी ७:१०

हे अगदी रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की मालाचा पूर असतो तेव्हा निरोगी किडनीतही लघवीची ऑस्मोलॅलिटी रक्ताच्या दिशेने खाली सरकते, नळीतून इतक्या वेगाने वाहतं की मज्जेला पाणी ओढायला सवड मिळत नाही आणि मज्जेतला खारटपणाही धुऊन जातो. त्यात नळ्या नुकत्या सावरतायत, वय ६८. त्यामुळे पुराच्या दिवसांत ४८० वरून कमतरता आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. ऑस्मोल कमी झाल्यावर परत मोजा.

---

रात्रपाळी_माजिवडा · मंगळवार, रात्री १०:३०

आजचे आकडे. सोडियम १४४. लघवी २६०० मिली, युरिन ऑस्मोलॅलिटी ५२०, रक्ताची ३१०. एकूण मिलिऑस्मोल १७२८ चे १३५२ झाले. आज माउथ केअर करताना बोळा चिकटला नाही, आणि काकांनी डोळ्यांनी मला दाराकडे बघून दाखवलं, बायको आली होती त्यांची.

---

खारघर_मेडिसिन_जेआर · मंगळवार, रात्री ११:०५

५२० च. माल एवढा कमी होऊन फक्त चाळीसने वाढली. माझी शंका कायम.

---

निवृत्त_मास्तर_नौपाडा · बुधवार, सकाळी ६:५०

१३५२ हा अजून पूरच आहे. आणि आता सोडियम उतरल्यामुळे एडीएचलाही पूर्ण जोर लावायचं कारण उरलं नाही, त्यामुळे ५२० कमी वाटली तरी तिचं वजन शनिवारच्या ४८० इतकं नाही. ९०० च्या खाली मिलिऑस्मोल येऊ देत, तेव्हा लघवी आपोआप दीड-दोन लिटरवर आली तर माझं खरं, आणि माल कमी होऊनही लघवी तीन लिटरला अडून बसली, ऑस्मोलॅलिटी घसरत गेली तर जेआरचं खरं. सिस्टर, तोवर सहा तासांचं माप आणि पोर्टमधलं ताजं सॅम्पल, हे तुम्ही करताय तसंच चालू ठेवा.

---

रात्रपाळी_माजिवडा · बुधवार, सकाळी ८:४०

ठेवते सर. हँडओव्हरच्या वहीत लिहून ठेवलंय, बारा ते सहा, पोर्टमधून, सोडियमसोबत पोटॅशियम पण. शुक्रवारी ऑस्मोलॅलिटी परत जाणार आहे, आली की इथे टाकते.